विश्रामबागेतल्या पीजी-होस्टेल चालवणाऱ्या काका-काकूंना खुलं पत्र : मधेच रूम सोडली तर डिपॉझिट कुणाचं?

सगळ्या काका-काकूंना नमस्कार,

मी तुमच्यातल्याच एकांच्याकडे जून ते नोव्हेंबर राहिले. नाव घेत नाही, घर कुठल्या गल्लीत ते पण सांगत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये आणि त्या काकूंनी मला ताप आला तेव्हा रात्री अकराला पेज करून दिली होती ते मी विसरलेले नाही. पण डिपॉझिटवरून आमच्यात जे झालं ते सांगलीच्या विश्रामबागेत दर वर्षी कितीतरी पोरींच्या बाबतीत होतं, आणि त्यातलं निम्मं भांडण फक्त कुणाला नियम नीट माहीत नसतो म्हणून होतं, म्हणून लिहितेय.

आधी माझं प्रकरण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी जत तालुक्यातली, मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. मिरजेत रूम न घेता विश्रामबागेत घेतली कारण मैत्रीण तिथंच होती आणि वडाप, सिटी बस कायम मिळते. २० जूनला आले. एका रूममध्ये तिघी, भाडं ४५०० रुपये, मेस वेगळी, गिझरचं लाईटबिल तिघीत वाटून. डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे ९०००. यातले ५००० मी फोनवरून पाठवले आणि ४००० पप्पांनी हातात कॅश दिले. पावती मिळाली, तिच्यावर नुसतं "९००० जमा" एवढंच, डिपॉझिट हा शब्दच नाही. पावतीच्या मागं छापलेले नियम होते, गेट साडेनऊला बंद, रूममध्ये इस्त्री-शेगडी नको वगैरे, आणि शेवटी दोन ओळी : "रूम सोडताना एक महिना आधी सांगणे. अकरा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही." मी तिथं सही केली. वाचून केली. तेव्हा वाटलं होतं वर्षभर तर राहणारच आहे.

दिवाळीची सुट्टी संपवून आले आणि पुण्यातल्या एका लॅबचं बोलावणं आलं, पगार बराच जास्त, १ डिसेंबरला हजर व्हायचं. ३ नोव्हेंबरला मी काकूंना स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, त्या म्हणाल्या "बरं झालं की गं पोरी, महिना भरला की जा." मी खूश. मग ९ तारखेला रूममेट म्हणाली अगं लिहून दे काहीतरी, म्हणून व्हॉट्सअपवर मेसेज टाकला. ३० तारखेला सामान घेऊन गेले, चावी दिली, काकू म्हणाल्या दहा-बारा दिवसांत पैसे टाकते. पंधरा दिवस झाले तरी काहीच नाही. विचारलं तर काकांचा मेसेज आला की नोटीस एक तारखेपासून धरतात त्यामुळं डिसेंबरचं पूर्ण भाडं तुमच्याकडून येणं आहे, भिंतीला ओल आहे त्याच्या रंगाचे १५००, आणि तसंही अकरा महिने पूर्ण नाहीत त्यामुळं नियमानुसार डिपॉझिट मिळत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या जागेवर ६ डिसेंबरला दुसरी मुलगी आली. हे रूममेटनं सांगितलं, आणि काकांनी पण नंतर मान्य केलं. म्हणजे ती कॉट रिकामी राहिली फक्त १ ते ५ डिसेंबर, पाच दिवस. आणि त्या पाच दिवसांसाठी माझे ९००० रुपये ठेवून घ्यायचे असं ठरलेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. माझा रागराग झाला, फोनवर रडले पण, त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग आमच्या गावाकडचे एक वकील काका आहेत, पप्पांच्या ओळखीचे, त्यांच्याकडे पावती घेऊन गेले. मी समजत होते की भाडे नियंत्रण कायद्यात बसेल आपलं. ते म्हणाले तिथं जाऊ नको, तो रस्ता तुझा नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पेइंग गेस्टची वेगळी व्याख्याच आहे, मालक स्वतः राहतो त्या घराचा भाग ज्याला राहायला दिलाय तो पेइंग गेस्ट, आणि त्या कायद्यात "लायसन्सी" म्हणजे मालकाच्या परवानगीनं पैसे देऊन राहणारा, त्या व्याख्येतून पेइंग गेस्ट आणि होस्टेलमध्ये राहणारे दोघांनाही बाहेर ठेवलंय. म्हणून फ्लॅट भाड्यानं घेणाऱ्याला रजिस्टर ॲग्रीमेंटच्या ज्या गोष्टी लागू होतात त्या आपल्याला तशाच लागू होतील असं धरून चालू नये. हे मी मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच पोरी मालकाला त्याच कायद्याची धमकी देतात, मालक वकिलाला विचारतो, वकील सांगतो लागू नाही, आणि मग पोरीचं खरं म्हणणं पण वाया जातं.

आपल्याला लागू होतो तो साधा करार कायदा, १८७२ चा. त्याचं कलम ७४ असं सांगतं की करार मोडल्यावर अमुक रक्कम द्यायची असं आधी लिहून ठेवलं असलं तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणजे काकू, तुमच्या पावतीवर ९००० लिहिलंय म्हणून ९००० तुमचे होत नाहीत, जास्तीत जास्त ९००० पर्यंत, पण नुकसान झालं असेल तेवढंच. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असं आहे की नुकसान मोजताना ते टाळायला हाताशी काय उपाय होता ते पण बघायचं. होस्टेलमध्ये तो उपाय म्हणजे कॉट दुसऱ्या मुलीला देणं, आणि ती तुम्ही दिलीच.

वकील काकांनी सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा एक निकाल सांगितला, तो मला एकदम आपलाच वाटला. कैलाशनाथ असोसिएट्स नावाच्या फर्मनं दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात ३ कोटी १२ लाखांना एक प्लॉट घेतला होता, ७८ लाख आधी भरले, बाकीचे पैसे ठरल्या वेळेत गेले नाहीत म्हणून प्राधिकरणानं ७८ लाख जप्त केले. नंतर तोच प्लॉट ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. कोर्ट म्हणालं तुमचं नुकसान तर झालेलंच नाही, उलट फायदा झाला, मग जप्त कशाचं करता, पैसे परत द्या. आमची कॉट काही कोटींची नाही. पण माझी जागा सहा दिवसांत भरली, आणि नवीन मुलीकडून तुम्ही ४८०० घेताय असं मला कळलं. म्हणजे त्याच कॉटचं डिसेंबरचं भाडं तिच्याकडून पण आणि माझ्या डिपॉझिटमधून पण, असं दोनदा घेता येत नाही.

आता तुमची पण बाजू आहे आणि ती मी लिहिणार. सांगलीत मुली येतात त्या जून ते ऑगस्ट, ॲडमिशनच्या काळात. डिसेंबरात एखादी निघून गेली तर पुढच्या जूनपर्यंत कॉट रिकामी राहू शकते, आणि घरपट्टी, पाणी, मेसच्या मावशींचा पगार काही थांबत नाही. माझ्या जागेवर कुणी आलंच नसतं तर माझं उत्तर वेगळं असतं. मग एक महिन्याची नोटीस हा दोघांनी आधीच ठरवलेला अंदाज आहे आणि तेवढं भाडं तुम्ही घेणं मला योग्य वाटतं. त्यापुढचे चार-पाच महिने पण कॉट खरोखर रिकामी राहिली आणि तुम्ही बोर्ड लावून, ग्रुपवर टाकून मुलगी शोधत होता असं दाखवता आलं तर तुमचं म्हणणं आणखी मजबूत होतं. फक्त "नियम आहे" एवढ्यावर ते टिकत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. आमच्यातल्या बऱ्याच जणी शेवटच्या महिन्याचं भाडंच देत नाहीत, डिपॉझिटमधून कापा म्हणतात, आणि मग गिझरचं बिल, तुटलेलं कपाट यासाठी मालकाच्या हातात काही उरत नाही. हे चुकीचं आहे. डिपॉझिट त्यासाठी नसतं, आणि एकदा असा अनुभव आला की पुढच्या दहा पोरींना तो भोगावा लागतो. मी नोव्हेंबरचं भाडं ५ तारखेला दिलं होतं.

तर हिशोब कसा केला ते सांगते, कारण सगळं भांडण शेवटी याच कागदावर मिटलं. पहिला प्रश्न नोटीस कधीपासून. मी म्हणत होते ३ तारखेपासून, काकूंना तोंडी सांगितलं होतं. पण तोंडी बोललेलं सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं, काकू म्हणाल्या मला आठवत नाही, आणि खरंच आठवत नसेल त्यांना, रोज वीस पोरी काही ना काही सांगत असतात. म्हणून मी ९ तारीख धरली, मेसेजवर दोन निळ्या टिका होत्या आणि खाली काकूंचा अंगठा. काका म्हणत होते नोटीस एक तारखेपासूनच धरायची. तसं पावतीवर लिहिलेलं असतं तर ते मला मानावं लागलं असतं, पण तिथं फक्त "एक महिना आधी" आहे. ज्यानं नियम छापला त्यानंच नंतर त्यात शब्द घालायचे असं चालत नाही. दिल्याचा दिवस सोडून मोजलं तर नोटीस ९ डिसेंबरला संपते. नोव्हेंबरचं भाडं दिलेलं, म्हणून डिसेंबरचे नऊ दिवस माझ्याकडं. ४५०० भागिले ३०, दिवसाला १५०, नऊ दिवसांचे १३५०. खरं तर सहा तारखेला जागा भरली म्हणून पाचच दिवस, ७५० निघाले असते, वकील काका पण तेच म्हणाले. पण मी एक महिना कबूल केला होता आणि मेसेज लेट केला ती चूक माझी, म्हणून मी पूर्ण नऊ दिवस सोडले. मेसचं काही नाही, ३० नोव्हेंबरच्या रात्रीनंतर मी तिथं जेवले नाही आणि मेसचा हिशोब दिवसावर होता.

मग गिझरचं बिल, माझ्या वाटणीचं २१०, ते बरोबर. कपाटाचं हँडल माझ्याकडूनच तुटलं होतं, दुकानात विचारलं, लावण्यासकट १५० सांगितलं, तेवढे मी मान्य केले. रंगाचे १५०० मात्र नाही. ती ओल बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला आहे, मी जूनमध्ये आले तेव्हाच होती, आणि माझ्याकडं २० जूनचा फोटो निघाला, तो मी मम्मीला रूम दाखवायला पाठवला होता! वापरून होणारी झीज, पापुद्रे, पाणी मुरणं हे राहणारीचं नुकसान धरत नाहीत, पोरीनं भिंतीत खिळे ठोकून भोकं पाडली असती तर गोष्ट वेगळी.

९००० मधून १३५०, २१० आणि १५० वजा. राहिले ७२९०.

हे मी एका कागदावर लिहून स्पीड पोस्टनं पाठवलं, आणि त्याचा फोटो व्हॉट्सअपवर पण टाकला. पत्रात शिव्याशाप काही नाही, कोर्टाची धमकी पण नाही. एवढंच होतं :

"आदरणीय काका, मी २० जून ते ३० नोव्हेंबर आपल्याकडे रूम नंबर ३ मध्ये राहत होते. डिपॉझिट रु. ९००० दिले होते (२० जूनचे ऑनलाइन पेमेंट ५०००, रोख ४०००, आपली पावती आणि काकूंचा १८ जूनचा मेसेज जोडला आहे). ९ नोव्हेंबरला लेखी नोटीस दिली. ३० नोव्हेंबरला चावी दिली. नोटीसचे ९ दिवस, लाईटबिल आणि हँडल मिळून रु. १७१० वजा करून रु. ७२९० येणे आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खाली दिलेल्या खात्यावर पाठवावेत. आणखी काही कपात करायची असल्यास बिलासह कळवावे."

तो १८ जूनचा मेसेज फार कामाला आला. रोख ४००० दिल्याचं आणि ते डिपॉझिटचेच होते याचं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, पावतीवर नुसतं जमा. पण काकूंनी राहायला यायच्या आधी लिहिलं होतं, "भाडं ४५०० आणि दोन महिन्याचं डिपॉझिट ९००० येताना आणा." तो मेसेज नसता तर त्यातले निम्मे तर मी आगाऊ भाडं दिलं होतं असं पण कुणी म्हणू शकलं असतं. पोरींनो तुम्ही वाचत असाल तर जुना चॅट डिलीट करू नका, आणि पैसे पाठवताना खाली डिपॉझिट असा शब्द टाका, दोन सेकंदाचं काम आहे.

पैसे आले नसते तर मी ग्राहक आयोगात गेले असते, हे पण खरं सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "सेवा" म्हणजे काय त्यात राहण्या-जेवणाची सोय स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे पैसे घेऊन रूम आणि मेस देणं ही सेवा आणि आम्ही ग्राहक. सांगलीत जिल्हा आयोग आहे, पण तक्रार करणारी जिथं राहते किंवा नोकरी करते तिथंही तक्रार करता येते, म्हणजे मी पुण्यातूनच करू शकले असते, तारखेला सांगलीला येत बसायला नको. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याच्या आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, ते समोरच्याला कळवतात, पण ते आदेश देऊ शकत नाहीत, आदेश आयोगच देतो. आणि आयोगाला वेळ लागतो हे पण माहीत असू दे, तिथं गेलं की पुढच्या महिन्यात पैसे असं होत नाही. म्हणून मला ते टाळायचं होतं. तुम्हाला पण टाळायचं असेल.

पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. आधी आवाज चढलेला होता, मी म्हणाले काका हिशोबातला कुठला आकडा चुकलाय तेवढं सांगा, मी बदलते. मग एकेक ओळ आम्ही फोनवर वाचली. रंगावरून अडलं, फोटो पाठवला, त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले ७००० देतो, मिटव. मी हो म्हणाले, २९० सोडले. संध्याकाळी पैसे आले आणि खाली काकूंचा मेसेज, "पुण्यात नीट रहा, जेवण वेळेवर करत जा." मी खरंच रडले तेव्हा. ही माणसं वाईट नव्हती हो. त्यांच्याकडं बारा वर्षांपासून तोच पावतीचा नमुना छापून येतोय आणि कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की ती शेवटची ओळ टिकत नाही.

म्हणून माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे की यंदा पावती बुकं छापायला टाकाल तेव्हा ती एक ओळ बदला. डिपॉझिट परत मिळणार नाही असं लिहिण्याऐवजी असं लिहा : नोटीस ३० दिवस, लेखी किंवा व्हॉट्सअपवर, मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणार. नोटीस न दिल्यास किंवा कमी दिल्यास तेवढ्या दिवसांचं भाडं डिपॉझिटमधून, पण जागा त्याआधी भरली तर भरली त्या दिवसापर्यंतचंच. नुकसानीची कपात बिल दाखवून. बाकी डिपॉझिट चावी दिल्यापासून १५ दिवसांत. पहिल्या दिवशी रूमचे चार फोटो काढून मुलीला पाठवा, भिंत, कपाट, बाथरूमचे नळ, मीटर, आणि ती जाताना तेच चार फोटो परत. याच्यात तुमचं पण संरक्षण आहे, कपाट फोडून जाणारी पोरगी मग नाही म्हणू शकत नाही. तुम्हाला महिना कमी वाटत असेल तर दीड महिना लिहा, पण आधी लिहा आणि सांगून सही घ्या. आणि "एक तारखेपासूनच" असा तुमचा हिशोब असेल तर तो पण तिथंच लिहा, म्हणजे पोरगी ९ ऐवजी १ तारखेलाच मेसेज टाकेल.

जूनमध्ये माझी मामेबहीण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सांगलीत येतेय. मी तिला विश्रामबागच बघायला सांगितलंय, मला तो भाग आवडतो. ती रूम बघायला येईल तेव्हा तिच्याबरोबर मी असेन, आणि माझ्याकडं वरच्या पाच ओळींचा एक छापलेला कागद असेल, दोन प्रती. एक तुम्हाला, एक तिला. वाचून बघा, त्यात काही खटकलं तर तिथंच बसून पेनानं बदलू, मग सही करू.

तुमची,
रूम नंबर ३, खिडकीकडची कॉट